दहाव्या दिवसाचा ताप

प्रस्तावना

‘दोन दिवस बघू, नाही उतरला तर डॉक्टरांकडे जाऊ’ हा आपल्या घराघरांतला तापाचा नियम आहे, आणि बहुतेक तापांना तो पुरतोही. ही पुस्तिका ज्या एका तापाबद्दल आहे, त्याला मात्र तो लावता येत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला ताप आला आणि त्याच वेळी त्याच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या असल्या, तर त्या अवस्थेला फेब्राइल न्यूट्रोपेनिया म्हणतात. वॉर्डात त्याचं नाव नुसतं ‘एफएन’. या तापात दोन दिवस नव्हे, दोन तासही बघत बसायचं नसतं. सकाळी चहा पिऊन पेपर वाचत बसलेला माणूस संध्याकाळी रक्तदाब कोसळून आयसीयूत गेलेला असू शकतो.

नाशिकमध्ये हे लिहिण्याला एक खास कारण आहे. एके काळी जिल्ह्यातला कर्करोगाचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयाचा रस्ता धरायचा. आता शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, पेठ रोडवरचं नामको, मुंबई नाक्याजवळचं मानवता अशा ठिकाणी केमो शहरातच मिळते. ती बहुतेक वेळा डे-केअर पद्धतीने दिली जाते. सकाळी यायचं, चार-पाच तास सलाईन लावून घ्यायचं, संध्याकाळच्या आत घरी. सोय मोठीच आहे, पण तिचा एक परिणाम लक्षात घेतला जात नाही. केमोचा सगळ्यात मोठा धोका सलाईन चालू असताना नसतो, तो आठवड्याभराने येतो, आणि तेव्हा रुग्ण रुग्णालयात नसतो. तो सुरगाण्यात, पेठेत, कळवणला किंवा येवल्याला आपल्या घरी असतो. म्हणजे ज्या क्षणी निर्णय घ्यायचा, त्या क्षणी खाटेजवळ डॉक्टर नसतो. बायको, मुलगा, सून नाहीतर शेजारी असतो. पुढची पानं त्यांच्यासाठी आहेत.

आठवड्याभरानेच का, ते आधी सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. न्यूट्रोफिल हाडांच्या आतल्या मगजात, अस्थिमज्जेत तयार होतात. रक्तात उतरल्यावर त्यांचं आयुष्य तासांत मोजावं इतकं थोडं असतं, म्हणून मज्जेला रोज शंभर अब्जांच्या घरात नव्या पेशी घडवाव्या लागतात. केमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्यात कर्करोगाच्या पेशी येतात, तशा मज्जेतल्या, केसांच्या मुळांतल्या आणि तोंडापासून आतड्यापर्यंतच्या अस्तरातल्याही येतात. मज्जेत आधी घडवून ठेवलेला साठा काही दिवस पुरतो. तो संपला की साधारण सातव्या दिवसापासून आकडा घसरू लागतो, दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास तळाला जातो आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वर येतो. अनेक केमोंमध्ये २१ दिवसांचं अंतर ठेवतात, ते यासाठीच.

त्याच दिवसांत आतड्याचं अस्तरही सोललेलं असतं. आपल्या आतड्यात ई. कोलाय, क्लेब्सिएला असे असंख्य जीवाणू एरवी सुखाने नांदत असतात. अस्तर फाटलं की ते रक्तात उतरतात, आणि तिथे त्यांना अडवणाऱ्या पेशी नसतात. म्हणून या तापातला जंतू बहुतेक वेळा बाहेरून आलेला नसतो, रुग्णाच्या स्वतःच्या पोटातला असतो. हे मी मुद्दाम ठळक सांगतो आहे, कारण ताप आला की घरात पहिला शोध गुन्हेगाराचा सुरू होतो. कुणी बाहेरची भेळ दिली, कोण शिंकत भेटायला आलं, सुनेने भाजी नीट धुतली नाही की काय. स्वच्छता पाळायचीच, न धुतलेली द्राक्षं, उघड्यावरचा उसाचा रस आणि गोदेचं किंवा गडावरून आणलेलं तीर्थ या दिवसांत टाळायचं. पण सगळं पाळूनही ताप येऊ शकतो, आणि तो आला म्हणून घरातल्या कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

न्यूट्रोफिल नसण्याचा दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलांचा ढीग. न्यूट्रोफिलच नाहीत, तर पू होणार कुठून? संसर्ग असलेली जागा लाल होत नाही, सुजत नाही, पिकत नाही. फुप्फुसात न्यूमोनिया असतो आणि एक्स-रे जवळपास स्वच्छ येतो. लघवीत जंतू असतात आणि तपासणीत पू-पेशी दिसत नाहीत. खोकला नाही, जळजळ नाही, गळू नाही. एरवी डॉक्टर ज्या खुणांवरून ताप कशाचा हे ओळखतात, त्या सगळ्या पुसल्या जातात आणि मागे उरतो तो एकटा ताप. ‘बाकी काही नाही, नुसता ताप आहे’ हे वाक्य इतर रुग्णांच्या बाबतीत दिलासा देणारं असतं. इथे तेच वाक्य ऐकून डॉक्टर खुर्चीवरून उठतो.

ही गोष्ट आकड्यांत पहिल्यांदा नीट मांडली गेली ती १९६६ साली. अमेरिकेतल्या जेराल्ड बोडी यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये न्यूट्रोफिलांची संख्या आणि संसर्ग यांचा हिशेब जुळवून दाखवला. संख्या १००० च्या खाली गेली की धोका वाढू लागतो, ५०० च्या खाली बराच वाढतो, १०० च्या खाली सर्वात जास्त, आणि जितके जास्त दिवस ती खाली राहील तितका आणखी. त्या निबंधाच्या चार लेखकांत वाय. एस. साठे हे नाव मराठी डोळ्याला चटकन दिसतं. तरीही त्या काळी रीत अशी होती की आधी रक्ताचा कल्चर रिपोर्ट येऊ द्यायचा, जंतू ओळखायचा आणि मग औषध द्यायचं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागत आणि तेवढ्यात रुग्ण हातचे जात. १९७१ मध्ये स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी उलटं करून पाहिलं. ताप दिसताच, जंतू माहीत नसताना, दोन अँटिबायोटिकं एकत्र सुरू केली. आज नाशिकच्या कॅज्युअल्टीत जे होतं त्याची मुळं तिथे आहेत. आधी औषध, मग निदान, असा हा वैद्यकशास्त्रातला थोडा विचित्रच प्रांत आहे.

आता आकडे, पण मोजकेच. ताप म्हणजे किती? तोंडात थर्मामीटर धरून एकदा १०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, नाहीतर १००.४ किंवा जास्त ताप तासभर टिकून राहणे. काखेतलं माप तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंशाने कमी येतं, तेव्हा काखेत १०० दिसला तरी फोन करावा. नुकताच चहा घेतला असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबून तोंडात मोजावं. गुदद्वारातून कधीही मोजू नये, एनिमा किंवा सपोझिटरीही देऊ नये; तिथलं अस्तर जरा जरी खरचटलं तरी जंतूंना वाट मिळते.

पेशींचा आकडा रिपोर्टवर पुष्कळदा सरळ छापलेला नसतो, तो काढावा लागतो. समजा तालुक्याच्या लॅबमधून रिपोर्ट आला आणि त्यात एकूण पांढऱ्या पेशी २४०० लिहिल्या आहेत. घरच्यांना वाटतं, कमी आहेत, पण अगदीच वाईट नाही. मग खालच्या ओळीत न्यूट्रोफिल १२ टक्के दिसतात. २४०० चे १२ टक्के म्हणजे २८८. खरा आकडा हा. ५०० च्या खाली, म्हणजे धोक्याच्या पट्ट्यात. काही लॅब २४०० ऐवजी २.४ छापतात, त्याने गोंधळू नये. पण ताप असेल तर हा हिशेब करायला आणि रिपोर्टची वाट बघायला घरी थांबायचं नाही. शेवटची केमो होऊन तीन आठवडे झाले नसतील, तर पेशी कमी आहेत असं धरूनच निघायचं.

एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. ही कुणी एक बाई नव्हे. जिल्ह्याच्या वरच्या तालुक्यांतून येणाऱ्या अनेकींच्या हकिगतींवरून ती बेतली आहे. वय ४७, कळवण तालुक्यातलं गाव, स्तनाचा कर्करोग, ऑपरेशन झालेलं. दुसरी केमो एका सोमवारी नाशिकला झाली: डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण ‘लाल औषध’ म्हणतात, आणि सायक्लोफॉस्फमाइड. तीन दिवस मळमळ, मग बरं वाटलं. पुढच्या सोमवारपासून तोंड आलं, तिखट खाववेना. बुधवारी, म्हणजे दहाव्या दिवशी, संध्याकाळी ती जेवली नाही. ‘अंग मोडून आलंय, जरा कणकण आहे’, एवढंच म्हणाली आणि गोधडी ओढून पडली. मुलीने आठ वाजता तोंडात थर्मामीटर लावला. १००.८.

इथून तीन वाटा फुटतात आणि त्यातल्या दोन नेहमीच्या आहेत. पहिली, घरातली पॅरासिटामॉलची गोळी. तिने ताप उतरतो, घाम येतो, बाईला बरं वाटतं आणि सगळे झोपतात. जंतू मात्र झोपत नाहीत, आणि धोका सांगणारी एकमेव खूण आपणच पुसून टाकलेली असते. दुसरी वाट गावातल्या दवाखान्याची. तिथे कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, एक सलाईन, आणि रक्त तपासून ‘टायफॉइड निघाला’. विडाल ही टायफॉइडची जुनी तपासणी पूर्वीच्या संसर्गामुळेही पॉझिटिव्ह येते. तिच्या भरवशावर पाच दिवसांच्या गोळ्या सुरू होतात आणि हातातले तास जातात. पावसाळ्यात याच जागी डेंग्यू येतो, कारण प्लेटलेट कमी दिसतात. त्या केमोनेही कमी होतात, हे कुणी विचारात घेत नाही. शिवाय प्लेटलेट कमी असताना स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने आत रक्त साकळतं, ते वेगळंच. डेंग्यू-मलेरिया असू शकतो आणि मोठ्या रुग्णालयात त्याचीही तपासणी करतातच, पण अँटिबायोटिक तिच्यासाठी थांबवत नाहीत.

मुलीने तिसरी वाट धरली. केमोच्या फाइलवर लिहिलेला नंबर लावला. पलीकडच्या निवासी डॉक्टरने चार गोष्टी विचारल्या: शेवटची केमो कधी, ताप किती, लघवी होते आहे का, उठून बसल्यावर चक्कर येते का. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं ऐकून त्याचा आवाज बदलला. दुपारपासून लघवी झाली नव्हती आणि संडासला जाताना ती भिंतीला धरून गेली होती. ‘गोळी देऊ नका, आत्ता निघा, फाइल बरोबर घ्या.’

कळवण ते नाशिक रस्ता पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, वणी-दिंडोरीवरून. गाडी शोधण्यात वेळ गेला तो धरून रुग्णालयात पोचायला साडेअकरा झाले. माझं मत असं की इतक्या लांबच्या रुग्णाच्या बाबतीत पहिला डोस कुठे मिळेल हे केमो सुरू करतानाच ठरवून, चिठ्ठी लिहून द्यावं. जवळच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिकचा एक डोस देऊन मग १०८ ने पुढे पाठवणं हे पुष्कळदा थेट नाशिक गाठण्यापेक्षा शहाणपणाचं ठरतं. कल्चर तिथे घेता आलं तर उत्तम. नाही आलं तर ते गमावल्याचं नुकसान मान्य करून औषध द्यावं, विशेषतः रक्तदाब ढासळत असताना. याबद्दल सगळ्या डॉक्टरांचं एकमत आहे असं नाही. म्हणूनच प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न आधी विचारून ठेवावा.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य महत्त्वाचं असतं. ‘पेशंटला ताप आहे’ असं सांगितलं तर तापाच्या रांगेत बसवतील. ‘केमो चालू आहे, शेवटची दहा दिवसांपूर्वी झाली, आणि ताप आहे’ असं सांगितलं तर ट्रॉली येते. कागदपत्रं, योजनेचं कार्ड, आरोग्यमित्राची गाठ ही कामं एकाने खिडकीवर करावीत आणि दुसऱ्याने रुग्णाजवळ थांबावं.

सिस्टरने मोजलं तेव्हा ताप १०१.८, नाडी १२४, रक्तदाब ९२/५८. सुई लावली आणि त्याच वेळी रक्त काढलं. कल्चरसाठी दोन संच घेतात, दोन वेगळ्या जागांतून, मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त. नातेवाईक बाटल्या बघून घाबरतात, ‘आधीच रक्त कमी आहे’ म्हणतात. पण रक्तातले जंतू फार विरळ असतात. कमी रक्त घेतलं तर ते निसटतात. ज्यांच्या छातीत केमोपोर्ट बसवलेला आहे, त्यांचा एक संच पोर्टमधून आणि एक हातातून घेतात. पोर्टमधली बाटली हातातल्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी वाढ दाखवू लागली, तर जंतूचं घर पोर्टमध्येच आहे असा संशय बळावतो आणि पोर्ट काढण्याचा विचार करावा लागतो.

रक्त निघालं की अँटिबायोटिक. रिपोर्ट, बेड, डिपॉझिट, मोठ्या डॉक्टरांचा राउंड, यातल्या कशासाठीही ते थांबू नये. जगभर ठरलेलं उद्दिष्ट असं की रुग्ण दारात आल्यापासून ६० मिनिटांच्या आत पहिला डोस शिरेत गेलेला असावा. आपल्या बाईला पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम साडेचार ग्रॅम सुरू झालं, पुढे दर सहा तासांनी. रक्तदाब कमी होता म्हणून जोडीला अमिकासिन. काही रुग्णालयांत अशा वेळी थेट मेरोपेनेम देतात, इतरत्र सेफोपेराझोन-सल्बॅक्टम वापरतात. हे त्या त्या रुग्णालयात कोणते जंतू कशाला दाद देतात यावर ठरतं, आणि ते तसंच ठरलं पाहिजे. पुस्तकातली पाश्चात्त्य यादी इथे जशीच्या तशी चालत नाही, कारण आपल्याकडे आतड्यातल्या जंतूंमध्ये औषधांना न जुमानणारे फार झाले आहेत.

त्याच्याबरोबरीने सलाईन. वजन ५० किलो, किलोमागे ३० मिलिलिटर, म्हणजे दीड लिटर, पहिल्या तीन तासांत. इथे सलाईन अशक्तपणासाठी नसतं, रक्तदाब सावरण्यासाठी असतं. पहाटे तीनला रक्तदाब १०६/६८ झाला आणि लघवी झाली. नसता झाला, तर नॉरअॅड्रिनॅलिनचा पंप आणि आयसीयू. रात्रीतून रिपोर्ट आला: पांढऱ्या पेशी ७००, न्यूट्रोफिल २० टक्के. म्हणजे १४०.

गुरुवारी दिवसभर ताप १०२ होता, आणि इथे वॉर्डात नेहमीचा वाद होतो. ‘एवढी महागडी इंजेक्शनं चालू आहेत, ताप तर वाढलाय, औषध बदला.’ एफएनमध्ये योग्य औषध चालू असूनही ताप उतरायला दोन-तीन दिवस लागतात, रक्ताच्या कर्करोगात त्याहूनही जास्त. डॉक्टर तापाच्या आकड्यापेक्षा बाईकडे बघत असतात. रक्तदाब टिकून आहे का, श्वास किती, लघवी किती, बोलणं नीट आहे का. ती स्थिर असेल तर नुसत्या तापासाठी औषध बदलायचं नसतं. उलट ताप उतरलेला आहे पण ती गुंगीत आहे, हातपाय गार पडले आहेत, तर ते जास्त वाईट. उजवीकडे खाली पोट दुखू लागलं तरी लगेच सांगावं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला सूज येण्याचा एक गंभीर प्रकार या दिवसांत होतो आणि त्यासाठी सीटी स्कॅन व सर्जनचं मत लागतं.

दुसरी नेहमीची विचारणा: ‘पेशी वाढवायचं इंजेक्शन का देत नाही?’ ते इंजेक्शन म्हणजे फिलग्रास्टिम. ताप आल्यानंतर दिलं तर पेशी सुमारे दिवसभर लवकर वाढतात, पण त्याने जीव वाचण्याचं प्रमाण वाढतं असं दिसलेलं नाही. म्हणून सरसकट देत नाहीत, फार जोखमीच्या रुग्णांना देतात. त्याचं खरं काम ताप येऊ न देण्याचं आहे. त्याकडे शेवटी येतो.

गुरुवारी दुपारी कल्चरच्या मशीनने बाटली वाढली असल्याची खूण दिली. शुक्रवारी नाव कळलं: ई. कोलाय, आणि तोही अनेक अँटिबायोटिकं फोडून टाकणारं एन्झाइम बनवणारा. रिपोर्टवर त्याला ईएसबीएल लिहितात. औषध बदलून मेरोपेनेम केलं. शनिवारी संध्याकाळी ताप उतरला तो परत आला नाही. न्यूट्रोफिल शुक्रवारी ६० पर्यंत गेले होते, रविवारी ३१० झाले, मंगळवारी ११००. रक्तात जंतू सापडला होता म्हणून लागू पडलेल्या औषधाचे सात दिवस पूर्ण केले आणि पुढच्या शुक्रवारी तिला घरी सोडलं.

हिचा जंतू सापडला. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो सापडतच नाही. कल्चर कोरं आलं म्हणजे संसर्ग नव्हता आणि उगाच दाखल केलं, असा अर्थ काढू नये. अशा रुग्णाचं अँटिबायोटिक साधारणपणे ताप जाऊन दोन दिवस झाले आणि न्यूट्रोफिल ५०० च्या वर आले की थांबवतात. ल्युकेमियाच्या रुग्णाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या पेशी दोन-तीन आठवडे शून्याच्या आसपास राहतात, आणि चार ते सात दिवसांनीही ताप हटला नाही तर बुरशीचा विचार करावा लागतो, छातीचा सीटी काढावा लागतो, अॅम्फोटेरिसिनसारखी औषधं सुरू करावी लागतात. त्यासाठी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे.

प्रत्येकाला दाखल करावंच लागतं का? नाही. त्यासाठी मास्क नावाची गुणपद्धती आहे, २००० साली प्रसिद्ध झालेली. वय, रक्तदाब, फुप्फुसाचा जुना आजार, अंगातलं पाणी, त्रासाची तीव्रता यांना गुण देतात; २६ पैकी २१ किंवा जास्त आले तर धोका कमी. असा रुग्ण पहिल्या डोसनंतर निदान चार तास नजरेखाली ठेवून गोळ्यांवर घरी पाठवता येतो. पण अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत आणखी एक अट आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तीच निर्णायक ठरते: घर रुग्णालयापासून तासाभराच्या किंवा ४८ किलोमीटरच्या आत हवं. या हिशेबात सिन्नर, दिंडोरी बसतं. सुरगाणा, नांदगाव, मालेगाव बसत नाही. गुण चांगले असूनही सुरगाण्याच्या रुग्णाला दाखल करून घेतात, ते बिल वाढवण्यासाठी नसतं. दुसरी अडचण गोळ्यांची. घरी द्यायच्या या गोळ्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन असते, आणि आपल्याकडच्या ई. कोलायवर तिचा भरवसा फारसा उरलेला नाही. म्हणून इथले डॉक्टर घरी पाठवताना हात आखडता घेतात, आणि मला ते बरोबर वाटतं.

आणखी एक सावधगिरी. काही केमोंमध्ये स्टिरॉइड असतं, लिम्फोमाच्या उपचारात तर पाच-पाच दिवस. स्टिरॉइड ताप दाबतं. म्हाताऱ्या माणसांनाही पुष्कळदा ताप चढत नाही. तेव्हा थर्मामीटर ९९ दाखवत असला, पण हुडहुडी भरली, माणूस असंबद्ध बोलू लागला, लघवी कमी झाली किंवा उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ताप आहे असंच समजून निघावं.

आपल्या बाईची तिसरी केमो आठवडाभर पुढे ढकलून दिली. एकदा एफएन झाला की पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता वाढते, म्हणून या वेळी पेगफिलग्रास्टिम, सहा मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन. ते केमोच्या दिवशीच देऊन चालत नाही. जागी होऊन विभागू लागलेल्या मज्जेवर केमोचा घाव अधिक बसतो, म्हणून किमान २४ तास जाऊ द्यावे लागतात. एका इंजेक्शनसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा दीडशे किलोमीटरची खेप नको, म्हणून ते बर्फाच्या डब्यात दिलं. सिरिंज बर्फाला थेट टेकू न देता, कागदात गुंडाळून, कारण २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं पण गोठू द्यायचं नाही. मंगळवारी संध्याकाळी गावाजवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने ते पोटाच्या कातडीखाली दिलं.

गुरुवारी तिची कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकू लागली. हा त्या इंजेक्शनचा ओळखीचा त्रास. मज्जा भराभर काम करू लागते, त्याचा. त्यावर डॉक्टरांनी पॅरासिटामॉलच लिहून दिली होती. जी गोळी आधी घेऊ नका म्हणून बजावलं, तीच. फरक एवढाच की चिठ्ठीवर गोळीच्या नावाआधी एक ओळ होती: प्रत्येक वेळी आधी ताप मोजायचा, वेळ आणि आकडा वहीत लिहायचा, १००.४ च्या खाली असेल तरच गोळी द्यायची. नाहीतर गोळी नाही, फोन.